आग्नेयेला किती, वर किती?

सोलापुरात कुठल्याही वस्तीतल्या गच्चीवर जाऊन पाहिले, तर आजूबाजूच्या सगळ्या डिश आग्नेयेकडे तोंड करून उभ्या दिसतात. नवी डिश लावायला आलेला माणूस आधी शेजारच्या घरावर नजर टाकतो, आपली डिश अंदाजाने तशीच फिरवतो आणि खाली टीव्हीसमोर बसलेल्याला ओरडून विचारतो, ‘‘आलं का?’’ बऱ्याचदा येतेही. अडते ते शेतातल्या एकट्या घरावर, जिथे बघायला शेजारच नाही. किंवा शेजार आहे, पण त्याची डिश वेगळ्या उपग्रहाकडे बघते आहे. दोन डिशमधला तो एक-दोन अंशांचा फरक डोळ्यांना दिसत नाही, टीव्हीला मात्र तो पक्का कळतो.

अशा वेळी कामाला येतात ते दोन कोन. पहिला दिशाकोन : उत्तरेपासून पूर्वेच्या अंगाने मोजत गेले तर डिशचे तोंड किती अंशांवर हवे. उत्तर शून्य, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. दुसरा उंचीचा कोन : क्षितिजापासून नजर किती वर उचलायची. क्षितिज शून्य, डोक्यावरचे आभाळ ९०. मोबाईलवरच्या ॲपमध्ये हेच दोन कोन Az आणि El अशा अक्षरांनी लिहिलेले असतात. ते काढायला तीन आकडे पुरतात : आपल्या जागेचे अक्षांश, आपल्या जागेचे रेखांश आणि उपग्रहाचे रेखांश.

उपग्रहाचे अक्षांश का लागत नाहीत, हे आधी पाहू. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरतात. त्या उंचीवर पृथ्वीभोवती एका फेरीला लागणारा वेळ आणि पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला लागणारा वेळ एकच असतो, म्हणून खालून पाहणाऱ्याला उपग्रह आभाळात खिळा ठोकल्यासारखा एका जागी दिसतो. या कक्षेत तीन उपग्रह ठेवले तर जवळजवळ सगळ्या जगाशी संपर्क ठेवता येईल, असा लेख आर्थर क्लार्क यांनी १९४५ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात लिहिला होता. तेव्हा एकही उपग्रह अवकाशात गेलेला नव्हता. विषुववृत्त सोडून इकडे-तिकडे गेलेला उपग्रह आभाळात एका जागी थांबूच शकत नाही. त्यामुळे त्याचे अक्षांश कायम शून्य, आणि पत्ता सांगायला रेखांशांचा एक आकडा पुरे.

उदाहरणाला दूरदर्शनची फ्री डिश घेऊ, कारण तिला महिन्याचे पैसे पडत नाहीत आणि ती लावायला कंपनीचा माणूस येईलच असेही नाही. २००४ च्या डिसेंबरात ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ही सेवा सुरू झाली. तिचे चॅनेल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियन-५ रॉकेटने तो सोडला गेला आणि त्याची जागा आहे ९३.५ अंश पूर्व रेखांश. नकाशात ही जागा शोधायची तर ग्रेट निकोबारचे दक्षिण टोक, म्हणजे इंदिरा पॉइंट, जवळपास याच रेखांशावर आहे. तिथून सरळ दक्षिणेला साडेसातशे किलोमीटर समुद्रात गेलो की विषुववृत्त येते, आणि त्या पाण्याच्या थेट डोक्यावर जीसॅट-१५ असतो.

आता सोलापूर. अक्षांश १७.७ उत्तर, रेखांश ७५.९ पूर्व. पहिली पायरी वजाबाकीची : ९३.५ मधून ७५.९ गेले, उरले १७.६. म्हणजे उपग्रह आपल्यापेक्षा १७.६ अंश पूर्वेला. उत्तर उणे आले असते तर तो पश्चिमेला आहे असे समजायचे. पुढच्या सगळ्या गणितात रेखांश एकेकटे कुठेच येत नाहीत, फक्त हा फरक येतो. त्याला D म्हणू आणि अक्षांशाला L.

कागदावर नकाशा पसरून विचार केला तर दिशाकोन सोपा वाटतो. उपग्रहाखालचा बिंदू सोलापूरच्या १७.७ अंश दक्षिणेला आणि १७.६ अंश पूर्वेला. दोन्ही जवळपास सारखे, म्हणजे बरोबर आग्नेय, १३५ अंश. हा अंदाज बराच खरा आहे. पण पृथ्वी कागदासारखी सपाट नाही. उत्तरेकडे सरकत जावे तशा रेखांशाच्या रेषा एकमेकींजवळ येतात, आणि गोलावरची सर्वांत जवळची वाट नकाशावर वाकडी दिसते. त्याचा हिशोब धरणारे सूत्र असे :

```
Az = 180 - atan( tan(D) / sin(L) )
```

१७.६ अंशांचा टॅन ०.३१७२. १७.७ अंशांचा साइन ०.३०४०. भागाकार १.०४३. ज्या कोनाचा टॅन १.०४३ येतो तो कोन ४६.२ अंश. १८० मधून तो वजा केला की १३३.८ अंश. सपाट नकाशाच्या अंदाजात आणि खऱ्या उत्तरात जेमतेम सव्वा अंशाचा फरक पडला.

महाराष्ट्र आणि गोव्यात हा कागदी अंदाज सगळीकडे दोन अंशांच्या आत बसतो, म्हणून हिशोब तपासायला तो हाताशी ठेवावा. कॅल्क्युलेटरने २०० किंवा ८० असे काही सांगितले, तर चूक नकाशाची नसते, बटणाची असते. उत्तरेकडे जावे तसा हा अंदाज बिघडत जातो. लंडनमधला मराठी माणूस २८.२ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे डिश लावत असेल, तर कागद त्याला १५१ अंश सांगेल आणि खरे उत्तर १४५ च्या आसपास येईल. सहा अंश म्हणजे उपग्रह पार हुकलाच. आणि मॉरिशसमधल्या मराठी घरांवरच्या डिश उत्तरेकडे पाहतात, कारण ते बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. तिथे अक्षांशाचे उणे चिन्ह सोडून द्यायचे, मधला भागाकाराचा कोन तसाच काढायचा, पण तो दक्षिणेपासून न मोजता उत्तरेपासून मोजायचा.

दुसरा कोन उंचीचा, आणि गणितातली खरी गंमत त्यात आहे. आधी सोलापूर आणि उपग्रहाखालचा बिंदू यांच्यात पृथ्वीच्या मध्यापासून किती अंशांचे अंतर आहे ते काढायचे. L चा कोसाइन ०.९५२७, D चा कोसाइन ०.९५३२, दोघांचा गुणाकार ०.९०८१. ज्याचा कोसाइन इतका आहे तो कोन २४.८ अंश. उपग्रह अनंत अंतरावर असता तर काम इथेच संपले असते : डोक्यावरच्या ९० अंशांतून २४.८ वजा, उरले ६५.२.

पण उपग्रह इतका लांब नाही. पृथ्वीच्या मध्यापासून त्याचे अंतर ४२,१६४ किलोमीटर आहे आणि आपण मध्यापासून ६,३७८ किलोमीटर बाहेर, पृष्ठभागावर उभे आहोत. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबापासून चार पावले बाजूला सरकलो की दिवा डोक्यावरून कलतो, चंद्र मात्र जिथल्या तिथे राहतो. उपग्रह या बाबतीत चंद्रापेक्षा दिव्याच्या जातीचा. ६,३७८ ला ४२,१६४ ने भागले की ०.१५१३ येतात. हा आकडा सूत्रात मधोमध बसतो :

```
c  = cos(L) * cos(D)
El = atan( (c - 0.1513) / sqrt(1 - c*c) )
```

०.९०८१ मधून ०.१५१३ गेले, ०.७५६८ उरले. खालच्या बाजूला ०.९०८१ चा वर्ग १ मधून वजा करून वर्गमूळ काढले की ०.४१८८. भागाकार १.८०७. त्याचा कोन ६१ अंश. त्या एका वजाबाकीने उत्तर ६५.२ वरून ६१ वर आणले. चार अंशांपेक्षा जास्त.

चार अंश म्हणजे किती, हे डिशच्या नजरेवरून कळते. डिशला सगळे आभाळ एकदम दिसत नाही. ती किती रुंद पट्टा पाहते, हे लहरींची लांबी आणि डिशचा व्यास यांवर ठरते. आपल्याकडच्या टीव्हीच्या लहरी साधारण अडीच सेंटीमीटर लांबीच्या आणि डिश साठ सेंटीमीटरची. त्यातून तिच्या नजरेची रुंदी सुमारे तीन अंश येते, म्हणजे मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड अंश. दिशाकोन अगदी बरोबर, पण ०.१५१३ विसरलेला, अशी डिश उपग्रहाच्या चार अंश वर बघत बसते आणि तिला काहीच दिसत नाही.

कॅल्क्युलेटरवर हे करताना एक खड्डा ठरलेला असतो. कोन अंशांत आहे की रेडियनमध्ये? शास्त्रीय कॅल्क्युलेटरवर tan 45 दाबून उत्तर १ आले तर तो अंशांत आहे. नाहीतर आधी ती सेटिंग बदलायची. संगणकावरच्या एक्सेलसारख्या तक्त्यात कोन नेहमी रेडियनमध्येच धरले जातात, म्हणून तिथे सूत्र असे लिहावे लागते :

```
=180-DEGREES(ATAN(TAN(RADIANS(17.6))/SIN(RADIANS(17.7))))
```

उत्तर १३३.८ आले की समजायचे, तक्ता बरोबर बसला. दुसरी चूक अंश-कलांची. नकाशावर सोलापूरचे रेखांश ७५°५४′ असे लिहिलेले सापडते आणि माणूस ७५.५४ टाइप करतो. ५४ कला म्हणजे अंशाचे ५४ भागिले ६०, म्हणून बरोबर आकडा ७५.९. ही चूक फार तर अर्ध्या अंशाच्या आतबाहेर नेते, तीन अंशांच्या पट्ट्यात ती खपून जाते. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल मात्र खपत नाही. सोलापूरचे आकडे उलटे टाकले तर उत्तर इतके विचित्र येते की चूक लगेच कळते.

आपले गाव सोलापूर नसेल तर? जीसॅट-१५ साठीच पणजीत दिशाकोन १२६.८ आणि उंचीचा कोन ६०.९ येतो. मुंबईत १३१ आणि ५७.५, नागपुरात १४४.५ आणि ६०.३. पणजी ते नागपूर दिशाकोन जवळपास अठरा अंश फिरला, पण उंचीचा कोन अर्ध्या अंशानेच हलला. नागपूर उत्तरेला, म्हणून उपग्रह खाली जायला हवा. पण ते पूर्वेलाही आहे, म्हणून उपग्रह जवळ आला, आणि दोन्हींनी एकमेकांना खाऊन टाकले. मुंबई उत्तरेलाही आहे आणि पश्चिमेलाही, त्यामुळे तिला दोन्हीकडून तोटा. त्यामुळे दुसऱ्या गावातल्या पाहुण्याने फोनवर सांगितलेला उंचीचा कोन बऱ्याचदा चालून जातो, दिशाकोन चालत नाही.

कागद आवरून गच्चीवर जाऊ. पहिले काम डिशचे नव्हे, खांबाचे. डिशच्या मागच्या पट्टीवर छापलेले अंश खांब सरळ उभा आहे असे धरूनच छापलेले असतात. ओळंबा सोडून दोन बाजूंनी, एकमेकींशी काटकोनात, खांब तपासायचा. तो तीन अंश कलला असेल तर एका दिशेला उंचीचा कोन तीन अंश जास्त मिळतो आणि उलट दिशेला तीन अंश कमी; मग डिश फिरवत फिरवत शोधताना पट्टीवरचा आकडा खोटा बोलत राहतो. डिश लावूनही सिग्नल न येण्याचे सर्वांत साधे कारण हे आहे, आणि सर्वांत कमी तपासले जाणारेही हेच.

दुसरी गोष्ट : घरगुती डिश जिकडे तोंड केलेली दिसते, तिकडे ती पाहत नाही. तिचा एलएनबी, म्हणजे दांड्याच्या टोकाला बसवलेला तो डबा, मध्यभागी नसून खालच्या बाजूला असतो. अशा डिशची नजर तिच्या तोंडापेक्षा वीस-पंचवीस अंश वर जाते. लंडनच्या घरांवरच्या डिश भिंतीला समांतर, अगदी ताठ उभ्या दिसतात, कारण तिथे उंचीचा कोनच सुमारे २५ अंश असतो आणि तो सगळा या फरकात मुरतो. आपल्याकडे ६१ अंश हवेत, म्हणून आपली डिश स्पष्ट आभाळाकडे पाहताना दिसते.

हा फरक नेमका किती, ते टेप घेऊन मोजता येते. अशी डिश गोल नसते, रुंदीपेक्षा थोडी उंच असते. रुंदीला उंचीने भागून जो आकडा येतो, तो त्या कोनाचा कोसाइन. समजा रुंदी ६० आणि उंची ६५.७ सेंटीमीटर भरली. भागाकार ०.९१३, कोन २४ अंश. म्हणजे सोलापुरात या डिशचे तोंड ६१ वजा २४, ३७ अंशांवर ठेवायचे. डिशच्या वरच्या आणि खालच्या काठावर एक सरळ काठी टेकवली आणि मोबाईलचे लेव्हल दाखवणारे ॲप तिच्यावर ठेवले, तर काठी उभ्यापासून ३७ अंश मागे झुकलेली दिसायला हवी. डिशच्या मागच्या पट्टीवर कारखान्याने आकडे छापलेले असतील तर त्यांत हा फरक बहुधा आधीच धरलेला असतो. मग पट्टीवर थेट ६१ लावायचे. दोन्हीकडून वजा केले तर डिश उपग्रहाच्या बरीच खाली बघायला लागते.

आता आधी कुठला कोन लावायचा? बाजारात सवय अशी की आधी होकायंत्र काढायचे. मला हे उलट वाटते. उंचीचा कोन आधी लावून घट्ट करावा आणि मग दिशा शोधावी. उंचीचा कोन ओळंब्यावरून मिळतो, आणि ओळंबा खोटे बोलत नाही. शिवाय दोन्ही कोनांच्या चुकांची किंमत सारखी नसते. ६१ अंश उंचावर बघताना खांबाभोवती डिश एक अंश फिरवली, तर आभाळात तिची नजर अर्धाच अंश सरकते. म्हणून दिशेत तीन अंशांची चूक डिश सहन करते, उंचीत दीड अंशापलीकडे नाही. उंची पक्की करून डिश आग्नेयेच्या आगेमागे, १२० पासून १५० पर्यंत हळूहळू फिरवली की वाटेत उपग्रह सापडतोच. हळूहळू याचा अर्थ खरोखर हळू. प्रत्येक दोन अंशांवर थांबून सेट-टॉप बॉक्सला सिग्नल ओळखायला काही सेकंद द्यायचे. घाईने फिरवली तर डिश उपग्रहावरून जाते आणि बॉक्सला कळतही नाही.

होकायंत्राविषयी एक गोष्ट. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत महाराष्ट्रात फरक फार थोडा, साधारण एका अंशाच्या आसपास, म्हणून त्याची चिंता नको. चिंता लोखंडाची. स्लॅबमधल्या सळ्या, पाण्याच्या टाकीचा स्टँड, डिशचा स्वतःचा खांब, यांच्याजवळ होकायंत्र सहज दहा-पंधरा अंश भरकटते, मोबाईलमधले तर आणखी. गच्चीवर चार पावले हलून पाहावे. सुई प्रत्येक जागी वेगळे सांगत असेल तर तिच्यावर विसंबू नये.

त्यापेक्षा सूर्य बरा. सूर्याचा दिशाकोन कुठल्या घटकेला १३३.८ होईल हे खगोलाचे ॲप सांगते. त्या घटकेला ओळंब्याच्या दोरीची सावली बरोबर उलट दिशेला पडते. सावलीची रेघ खडूने आखली की डिश कुठे फिरवायची, ते जमिनीवर लिहून झाले. हिवाळ्यात ही युक्ती छान चालते. मे ते जुलैत मात्र नको. सोलापुरात मे महिन्याच्या मध्याच्या आसपास सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला परत येतो. त्या काळात सूर्य आग्नेयेच्या बाजूला नीट फिरकतच नाही.

सिग्नल मिळाला असे वाटले की टीव्हीवर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. पहिलीवर विश्वास ठेवू नये. स्ट्रेंथ म्हणजे केबलमधून काहीतरी येते आहे एवढेच. एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही तिला वर नेतो आणि शेजारचा उपग्रहही. ९५ अंश पूर्वेला दुसरे उपग्रह आहेत. सोलापुरातून त्यांचा दिशाकोन १३१.३ आणि उंची ५९.८ येते, आभाळात ते जीसॅट-१५ पासून पावणेदोन अंशांवर भासतात. डिशची नजर तीन अंश रुंद, म्हणजे थोडी चुकली तर ती या शेजाऱ्याकडेच पाहत असते. स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी शून्य, असे दिसले की एकतर डिश दुसऱ्या उपग्रहावर बसली आहे किंवा बॉक्समध्ये घातलेली फ्रिक्वेन्सी चुकली आहे. बॉक्समध्ये फ्री डिशचीच फ्रिक्वेन्सी घालून क्वालिटीची पट्टी हलते का ते पाहायचे. ती हलली की मग दिशा आणि उंची अर्ध्या अर्ध्या अंशाने मागेपुढे करून तिचा कमाल आकडा शोधायचा. एका बाजूला आकडा कुठे पडतो ती जागा आणि दुसऱ्या बाजूला कुठे पडतो ती जागा, दोन्हींवर खूण करून बरोबर मधोमध थांबणे हे नुसता कमाल आकडा धरण्यापेक्षा खात्रीचे, कारण माथ्यावर पट्टी फारशी हलत नाही.

शेवटी एलएनबी स्वतःभोवती किती फिरवायचा, हा तिसरा कोन. उपग्रहावरच्या लहरी आडव्या किंवा उभ्या पातळीत येतात, पण ते आडवे-उभे उपग्रहाच्या हिशोबाने, आपल्या नव्हे. आपण त्याच्या रेखांशावर नसलो की त्याचे ‘उभे’ आपल्याला तिरपे दिसते. किती तिरपे, ते D चा साइन भागिले L चा टॅन यावरून निघते. सोलापुरासाठी ०.३०२४ भागिले ०.३१९१, म्हणजे ०.९४८, कोन साडेत्रेचाळीस अंश. उपग्रहाने आपल्या लहरी विषुववृत्ताशी जुळवून सोडल्या असतील तरच हा आकडा खरा ठरतो. अँटेना एखाद्या प्रदेशासाठी वेगळी वळवली असेल तर तो बदलतो. म्हणून इथे सूत्र हे सुरुवातीच्या जागेपुरते. एलएनबीचा स्क्रू सैल करून तो हळूहळू फिरवायचा, क्वालिटी जिथे सर्वांत जास्त तिथे आवळायचा. दोन्ही कोन बरोबर असून काही चॅनेल येतात आणि काही येत नाहीत, अशी तक्रार असेल तर पहिला संशय याच कोनावर घ्यावा.

डिश नीट बसली असली तरी वर्षातून दोनदा चित्र काही मिनिटे जाते. विषुववृत्तावरचा उपग्रह सोलापुरातून पाहिला तर आभाळात विषुववृत्ताच्या तीन अंश खाली भासतो. मार्चच्या मध्याच्या थोडे आधी सूर्यही तिथून जातो, आणि सकाळी सव्वाअकराच्या आसपास तो बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. सूर्याचा गोंगाट उपग्रहाच्या बारीक सिग्नलला गिळून टाकतो. असे काही दिवस रोज त्याच सुमारास होते, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा, सकाळी अकराच्या आत-बाहेर. या दिवसांत कोणीतरी गच्चीवर चढून पाना काढतो आणि चांगली बसलेली डिश हलवतो. त्याऐवजी दहा-पंधरा मिनिटे थांबावे. आकडे बरोबर असल्याचा पुरावाही याच वेळी मिळतो : ठरलेल्या घटकेला एलएनबीवर सूर्याचा परावर्तित झोत पडलेला दिसला, तर डिश नेमकी १३३.८ आणि ६१ वर आहे. झोत दांड्याच्या बाजूला कुठेतरी पडत असेल तर तेवढीच दुरुस्ती शिल्लक आहे.